कासनी पडदा आणि चांदपाशाची भिंत

देगलूरच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला आमचं रंगाचं दुकान लागतं. गल्ल्यावर मी बसते. मी म्हणजे गुरम्मा. नवरा शेजारच्या गाळ्यात पाइप आणि नळाच्या तोट्या विकतो. तो सुखी माणूस आहे, कारण तोटी घ्यायला कुणी जोडीनं येत नाही. रंग घ्यायला मात्र नवरा-बायको दोघंही येतात आणि सगळं भांडण माझ्या काउंटरवर मांडतात. उमरीचं एक जोडपं तर असं पेटलं होतं की बाई तरातरा स्टँडवर गेली, एसटीत बसली, आणि नवरा हिरव्या रंगाचा डबा मोटारसायकलला बांधून तिच्या मागं धावला. डबा हिरवाच का, ते मी विचारलं नाही.

मला या भांडणांचा राग येतो, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर दुपारी तेवढीच करमणूक असते. पण एक भांडण असं झालं की त्याची करमणूक झाली नाही. ते चांदपाशा आणि साबेराचं. आजही कुणी पडद्याचं कापड काखोटीला मारून पायरी चढलं की मला ते आठवतं.

चांदपाशा म्हणजे आमच्या गावचा रंगारी. उंच, हडकुळा, नखांच्या कडेला कायम पांढरं. चुन्यात गेरू आणि नीळ कालवायच्या काळापासून तो या धंद्यात आहे. आता माझ्याकडे मशीन आहे. शेडकार्डवरचा नंबर कॉम्प्युटरला सांगितला की पांढऱ्या डब्यात चार-सहा रंगांचे थेंब मोजून पडतात आणि पाहिजे तो रंग तयार होतो. पण जुन्या भिंतीला ठिगळ लावायचं असेल तर मशीनचं काही चालत नाही. भिंत उन्हानं उडालेली असते, धुरानं काळवंडलेली असते, तिचा नंबर कोणत्याच कार्डात नसतो. तिथं चांदपाशा लागायचा. वाटीत पांढरा रंग घ्यायचा, स्टेनरच्या, म्हणजे घट्ट रंगाच्या, बाटलीतून एक थेंब पिवळा, काडीच्या टोकानं काळा, बोटानं भिंतीवर टिपका द्यायचा आणि बिडी पीत वाळायची वाट बघायची. ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून ओल्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तो म्हणे. वाळल्यावर टिपका सापडला नाही, की रंग जमला. त्याचं नाव या नजरेवर होतं. देगलूरचे लोक तर बोलवायचेच, पण तेलंगणाच्या बाजूची गावंही त्याला बोलवायची.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घराचा रंग काय, तर काहीही! रंगाऱ्यांची ती रीतच आहे. गिऱ्हाइकाकडं काम संपलं की डब्यात तळाला अर्धा-पाऊण लिटर उरतो, गिऱ्हाईक म्हणतं घेऊन जा, आणि रंगारी घरी नेतो. चांदपाशाच्या बैठकीची एक भिंत बँकेची होती, एक डॉक्टरच्या स्वयंपाकघराची, एक कुठल्याशा शाळेची, आणि दाराच्या बाजूची कुणाची ते त्यालाही आठवत नव्हतं. साबेरा मला एकदा म्हणाली होती, "गुरम्माक्का, माझ्या घरात बसलं की वाटतंय आपण गावभर फिरून राहिलो." ती हसत होती, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा जीव त्या भिंतींवर खरंच कावलेला होता.

त्या दिवशी ती पहिल्यांदाच नवऱ्यासोबत दुकानात आली. मुलगी आलिया उदगीरला नांदते, ती माहेरपणाला यायची होती, आणि साबेरानं ठरवून टाकलं होतं की यंदा बैठकीच्या चारी भिंतींना एकच रंग, आणि तोही विकत घेतलेला. काखेत कापडाची घडी होती. पडद्यांसाठी तिनं खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड आणलं होतं, म्हणजे चुण्या भरघोस पडतात. ती स्वतः शिवणकाम करते, तिला हे सांगावं लागत नाही.

दोघं घरात दखनी बोलतात. माझ्यासमोर निम्मं मराठी, निम्मं दखनी चालतं. मी आपलं मराठीतच सांगते.

"अक्का, हे बघा," म्हणत तिनं घडी काउंटरवर उलगडली. कासनी रंग होता. वांग्याचं फूल असतं ना, अगदी तसा. निळ्याकडं झुकलेला फिका जांभळा. आमच्या बाजारात असलं कापड फार येत नाही. मला ते बघताक्षणी आवडलं आणि मी तसं म्हणूनही टाकलं.

"पहिलं कापड आणलं, मग भिंत," साबेरा म्हणाली. "हेच सांगत असतात सगळ्यांना. कापड बाजारात हाय त्याच रंगाचं भेटतं, भिंतीचा रंग पाहिजे तो बनवता येतो. म्हणून कापड आधी घ्यायचं. म्हटलं, चला, यांच्याच शाळेत शिकले मी."

चांदपाशा खूश झाला. पण कापडाकडं बघून त्याचं तोंड उतरलं. त्यानं ते बोटांत चोळलं, तिरकं धरलं.

"हे राखी कशाला आणलं?" तो म्हणाला.

"राखी?"

"राखीच की. मळकं हाय. पोतेरं वाटून राहिलं."

साबेरा हसली. तिला वाटलं नवरा चिडवतोय. मलाही तसंच वाटलं. मी शेडकार्ड तिच्यापुढं सरकवलं. पट्ट्यापट्ट्यांचं ते पंख्यासारखं उघडणारं पुस्तक. तिनं थोडा वेळ चाळून मलई रंगावर बोट ठेवलं. चांगली निवड होती. कासनी थंड रंग, त्याला मलईची ऊब मिळाली की खोली बसण्यासारखी होते.

"हा? हा पिवळा धमक हाय," चांदपाशा म्हणाला. "जुन्या वर्तमानपत्रासारखा. आपली खोली अंधारी, तिला साफ पांढरा पाहिजे." आणि त्यानं पट्ट्या मागं फिरवून एका चौकोनावर बोट दाबलं. "हा घे. दुधासारखा."

मी बोट कुठं आहे ते बघितलं. तो आसमानी होता. फिका, पण आसमानीच. दुधाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता दुकानात आणखी एक माणूस बसलेला होता, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं, म्हणून सांगते. वैजनाथ शेठ. मंगल कार्यालयाचे मालक. त्यांच्या मोठ्या हॉलची एक बाजू गळक्या टाकीनं फुगली होती. प्लास्टर उकरून नवं केलं होतं, आणि आता नव्या बाजूला जुन्या तीन बाजूंशी जुळणारा रंग द्यायचा होता. जुना रंग कोणत्या कंपनीचा, कोणत्या नंबरचा, काही पत्ता नव्हता. भिंतीचा एक पोपडा कागदात गुंडाळून ते चांदपाशालाच शोधत माझ्याकडं आले होते, चहा पीत होते, आणि हे दोघं येण्याआधी मला म्हणत होते, "बाई, एवढं जुळवणारा माणूस नांदेडला न्हाई, लातूरला न्हाई. पण ऐकून राहिलो की गुरुजींच्या घरचं ठिगळ फसलं म्हणून. खरं हाय का?"

खरं होतं. सटवाजी गुरुजींच्या बैठकीत बटणाच्या बोर्डाभोवती चांदपाशानं लावलेलं ठिगळ लांबून पिवळं दिसत होतं. गुरुजी माझ्याकडं येऊन बोलून गेले होते. मी शेठना म्हटलं होतं, एखादं काम फसतं माणसाचं. त्यांनी "हं" म्हणून चहा ओतून घेतला होता.

साबेरानं नवऱ्याच्या बोटाखालचा आसमानी चौकोन बघितला. मग नवऱ्याकडं बघितलं.

"आलियाचे अब्बा, हा निळा हाय."

"निळा? डोळे तपास तुझे."

"बाहेर उजेडात बघा. इथं दिव्याचा पांढरा उजेड हाय."

तिचं बरोबर होतं. दुकानातले दिवे रंग खोटे दाखवतात. मी कुणालाही रंग आधी पायरीवर नेऊन बघायला लावते, आणि कापड आडवं नाही, उभं धरायला सांगते, कारण पडदा उभा लटकणार असतो. आम्ही तिघं पायरीवर आलो. लख्ख ऊन होतं. साबेरानं कापड दोन्ही हातांनी उंच धरलं. ऊन आरपार आलं आणि तिच्या पांढऱ्या ओढणीवर कासनी उजेड पडला. इतकं सुंदर दिसत होतं की रस्त्यावरच्या दोन बाया थांबल्या.

"आता?" ती म्हणाली.

"राखी," चांदपाशा म्हणाला. "राखीला राखी न्हाई म्हणू तर काय म्हणू? आन हा मलई पिवळा हाय, आन हा पांढरा. मी काय आज शिकून राहिलो?" त्याचा आवाज चढला होता. तो चिडवत नव्हता. त्याला खरंच तसं दिसत होतं.

साबेराचे हात हळूहळू खाली आले. त्या क्षणी तिला काय कळलं ते मला तिच्या तोंडावर वाचता आलं, कारण मलाही तेव्हाच कळलं. ज्या माणसाचं सगळं पोट नजरेवर, त्याची नजर गेली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

आतून वैजनाथ शेठ हसत म्हणाले, "काय चांदपाशा, घरातच रंग जमंना का? मग आमच्या हॉलचं कसं व्हायचं?"

ते मजेनं म्हणाले, पण कप खाली ठेवून म्हणाले. चांदपाशा ताठ झाला. साबेरानं एकदा आत शेठकडं बघितलं, कापडाची घडी घातली, अगदी सावकाश, काठाला काठ जुळवून. मग ती आत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"यांचंच बरोबर हाय. मला उन्हात डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली होती. पांढराच हाय तो. मला बाईमाणसाला रंगातलं काय कळतंय!"

मी साबेराला ओळखते. ही बाई भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून हार मानत नाही. मी म्हटलं, "भाभी, रंग एकदा मशीनमधून निघाला की परत घेत न्हाई मी. छोटा डबा न्या नमुन्याचा. हातभर भिंतीवर लावा, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा."

"मला नमुना लागतो का, अक्का?" चांदपाशा दुखावल्या सुरात म्हणाला.

"नमुना नक्को," साबेरा घाईनं म्हणाली. "मिसळा तुम्ही."

मी नंबर टाकला. मशीननं पांढऱ्यात निळे थेंब सोडले. थोडेच, पण निळे ते निळे. झाकण ठोकून डबा हलवायच्या मशीनमध्ये टाकला, आणि तो खडखडत असताना साबेरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिली. तिनं इतक्या वर्षांनी स्वतःच्या घरासाठी विकत घेतलेला पहिला रंग असा होता. मला रडू यायला लागलं आणि मी उगाच हिशोबाच्या कॅलक्युलेटरवर खेकसले.

वैजनाथ शेठचं समाधान झालं. काम चांदपाशालाच द्यायचं ठरलं. नवं प्लास्टर पावसाळाभर नीट वाळू द्यायचं आणि दसऱ्याच्या आधी रंग, असं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी साबेरा एकटी आली. बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमाला कळलं ना, अक्का?"

"कळलं. तू गप्प का बसलीस? तुझं घर निळं करून घेतलंस."

"घर काय, फिरून रंगवता येतं." तिनं ओढणी डोळ्याला लावली. "मला आधीच संशव होता. निळा दोरा आणा म्हटलं तर काळा आणला. गुरुजींच्या घरचं ऐकलं. तरी मन मानत नव्हतं. काल कापडाला राखी म्हटले तेव्हा माझा जीवच गेला. आन तिथं शेठ बसलेले. मी म्हटलं असतं की यांना दिसत न्हाई, तर सांजेपातूर गावभर झालं असतं. मग कोण बोलावतंय रंगाऱ्याला?"

"मग डॉक्टरला दाखव त्यांना."

"दाखवा म्हटलं तर येतील का? मी आंधळा हाय का, म्हणून अंगावर येतात. माझंच डोकं दुखतंय, माझेच डोळे तपासायचे हायत, सोबत चला, असं सांगून नेते नांदेडला."

आणि नेलंही. तिथं तिनं डॉक्टरांना बाजूला गाठून सांगितलं की नवऱ्याचेही बघा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला तपकिरी पडलेला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की डोळ्याचं भिंग म्हातारपणी पिवळं पडत जातं. पिवळ्या काचेतून बघितल्यावर निळा मरतो, जांभळा मळकट दिसतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं जगच असं आहे. चांदपाशानं ते ऐकलं, पण पटवून घेतलं नाही. धूसर दिसतं तेवढं कबूल केलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं, दुसऱ्याचं दीड-दोन महिन्यांनी, असं ठरलं.

मधल्या काळात त्यानं स्वतःच्या बैठकीला तो रंग दोन हात देऊन लावला होता. मी बघायला गेले. बर्फाच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटत होतं. कार्डावरचा बोटभर फिका रंग चार भिंतींवर चढला की एकमेकांचा उजेड घेऊन गडद होतो, तसा तो झाला होता. त्यात खिडकीला कासनी पडदे. निळ्यावर निळं चढून त्या पडद्यांचा जांभळेपणा पार मेला होता. चांदपाशा मधोमध उभा राहून म्हणाला, "बघा अक्का, कशी साफ झाली खोली." साबेरानं मला चहा दिला आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. माहेरी आलेल्या आलियाला तिनं आधीच दम देऊन ठेवलेला असणार, कारण ती पोरगी एकदाही हसली नाही.

ऑपरेशन झालं. नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी, दुकान उघडून मी अगरबत्ती लावत होते तेव्हा, चांदपाशा काळा चष्मा लावून पायरी चढला. मागं साबेरा होती, आणि तिचं तोंड रागानं फुललेलं होतं. नेमके वैजनाथ शेठही होते. हॉलच्या खिडक्यांना ऑइलपेंट न्यायला आले होते.

चांदपाशानं कुणाला सलाम-नमस्कार केला नाही. काउंटरवरचं शेडकार्ड उघडलं, पट्ट्या फिरवल्या, आणि त्या आसमानी चौकोनावर बोट ठेवलं. चष्मा काढला. एक डोळा हातानं झाकला, बघितलं. मग दुसरा झाकला, बघितलं. परत पहिला.

"या डोळ्याला पांढरा," तो म्हणाला. "आन या ऑपरेशनच्या डोळ्याला निळा. अक्का, खरा कोणता?"

साबेरा मागून मान हलवत होती. शेठ समोर आहेत, बोलू नका, असं तिचं चाललं होतं. पण तो मलाच विचारत होता, आणि मला रंगाबाबत खोटं बोलता येत नाही. एवढाच माझा धंदा आहे.

"निळा," मी म्हटलं.

"त्या दिवशीही निळाच होता?"

"हाव."

तो खुर्चीवर बसला. शेठ बघत होते. साबेरा पुढं येऊन म्हणाली, "चला घरी. डॉक्टरनी धुळीत फिरू नका म्हटलंय."

"थांब." त्यानं तिचा हात बाजूला केला, पण सोडला नाही. "शेठ, तुम्ही हायत ते बरं झालं. त्या दिवशी इथं ही बरोबर होती. मला दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. गुरुजींचं ठिगळही त्याच्यापायीच फसलं. ही माझी अब्रू राखायला तुमच्यासमोर खोटी पडली. निळ्या घरात राहिली इतके दिवस. काल डोळ्यावरचा चष्मा काढून मी भिंतीकडं बघितलं, आन मला चक्कर आली. आन ते कापड, शेठ..." त्यानं साबेराचा हात दाबला. "इतकं नामी कापड आणलं होतं हिनं. मी त्याला पोतेरं म्हणलो."

तो रडत होता. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं आणि हा रडत होता, म्हणून साबेरा जास्तच चिडली.

"कशाला सांगायचं हे?" ती म्हणाली. "मी तोंड दाबून बसले ते कशासाठी? आता बसा घरी! शेठ, यांचं ऐकू नका, आता यांना छान दिसतंय."

वैजनाथ शेठनी पोपड्याची कागदाची पुडी खिशात चाचपली. भला माणूस आहे, पण पैसा त्यांचा, हॉल त्यांचा, आणि हॉलवर लोकांची लग्नं ठरलेली.

"एक करा," ते म्हणाले. "दुसराही डोळा होऊ द्या. मग हॉलमध्ये एका कोपऱ्यात, खुर्च्यांच्या मागं, ठिगळ लावून दाखवा. वाळल्यावर मी बघतो. जमलं तर काम तुमचं. दसरा हुकला तर हुकला."

चांदपाशाला आजवर कुणी परीक्षा द्यायला लावली नव्हती. मला वाटलं आता हा उठून जाणार. पण त्यानं मान हलवली. "लावून दाखवतो," तो म्हणाला. "न्हाई जमलं तर मीच सांगंन न्हाई जमलं म्हणून." शेठ ऑइलपेंटचे डबे घेऊन गेले.

मग दुकानात आम्ही तिघंच राहिलो. साबेरा अजून धुसफुसत होती. चांदपाशानं शेडकार्ड तिच्याकडं सरकवलं. "सांग, कोणता घ्यायचा. रंगाचा हात माझ्या हाताखालची पोरं लावतील. मला शिडीवर चढायची मनाई हाय. तू म्हणशील तो रंग. मी एक अक्षर बोलणार न्हाई."

"मी न्हाई सांगणार," साबेरा म्हणाली.

"अरे, का?"

"मी रंगाऱ्याशी निकाह केलाय. गावाला रंग काढून देता, मला का न्हाई? माझ्या घराचा रंग मी काढला तर तुमी कशाला?" तिनं पिशवीतून पडद्याचा उरलेला तुकडा काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. "घ्या. आता दिसतंय ना?"

त्यानं तो तुकडा उचलला आणि कार्ड घेऊन पायरीवर गेला. बराच वेळ तो तिथं उभा होता. कापड उभं धरायचा, मलईची पट्टी त्याच्यामागं लावायचा, एक डोळा झाकायचा, मान तिरकी करायचा. स्टँडकडून येणारे-जाणारे त्याच्याकडं बघत होते. साबेरा माझ्यापाशी स्टुलावर बसली होती आणि ओठ घट्ट मिटून त्याच्या पाठीकडं बघत होती. मी तिचा हात धरला. हिचा सगळा जीव त्या एका डोळ्यात जाऊन बसला होता, आणि माझाही.

तो आत आला. पट्टीवर बोट होतं. साबेरानं त्या दिवशी काढला होता तो मलई नव्हता. त्याच पट्टीवरचा, त्याच्या वरचा, एक पायरी फिका.

"हा," तो म्हणाला. "तुझा चुकला होता. तो चार भिंतींवर चढला असता तर श्रीखंड झालं असतं. खिडकी पश्चिमेला हाय, सांजेला ऊन पिवळं येतं, त्यात आणखी पिवळं कशाला? हा घेतला तर पडद्याचा कासनी भिंतीवर येऊन दिसंल."

मी पट्टी हातात घेऊन पायरीवर गेले, बघितलं, आणि बरोबर होतं त्याचं. शंभर टक्के बरोबर होतं.

"म्हणजे मी त्या दिवशीबी चुकलेलीच!" साबेरा उसळून उभी राहिली. "आंधळे होते तेव्हाबी तुमचंच खरं, आन डोळे आल्यावरबी तुमचंच खरं!"

"चुकलीस त्याला मी काय करू? एक पायरी गडद हाय तो."

"अर्धी पायरी!"

"एक! अक्का, सांगा हिला."

"माझं कपाट पुसायचंय," मी म्हटलं आणि पाठ फिरवली, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. साबेराचा आवाज वर चढत चालला होता, इतका की शेजारच्या गाळ्यातून नवरा तोटी हातात घेऊन काय झालं म्हणून बघायला आला. त्याला वाटलं बाई माझ्याशीच भांडतेय. मी त्याला दाराशीच थांबवलं आणि म्हटलं, काही बोलू नका, भांडू द्या त्यांना पोटभर.